तिसरं ‘टक्’

‘रस्ता सुरक्षा’ हा तीस सेकंदांचा विषयच नव्हे. वेग, मोबाइल, सिग्नल, हेल्मेट असं सगळं एका जाहिरातीत कोंबलं की बघणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने एवढंच विचारायचं, की हे पाहून माणसाने नेमकं काय करायचं? उदाहरणार्थ, हेल्मेटचा पट्टा लावायचा. पट्टा मोकळा असेल तर पडताना हेल्मेट डोक्यावरून निघून जातं आणि डोकं उघडंच रस्त्यावर आपटतं. डोक्यावर हेल्मेट असूनही नसल्यासारखंच.

आता हिशेब. शेवटचे चार सेकंद घोषवाक्य आणि खात्याच्या बोधचिन्हाचे. गोष्टीला उरतात सव्वीस. कागद दोन रकान्यांचा असतो, एकीकडे दिसणारं, दुसरीकडे ऐकू येणारं. जे दिसतंय ते पुन्हा बोलायचं नाही.

सकाळची वेळ. आई मुलीचं दप्तर पाठीवर चढवते, छातीवरचं बक्कल लावते: टक्. सात सेकंद. मुलीचं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा: टक्. तेरा झाले. (चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लावायला कायदाच सांगतो, त्यामुळे ही मुलगी आठ-नऊ वर्षांची.) आई घाईने स्वतःचं हेल्मेट डोक्यावर ठेवते, स्कूटरवर बसते. पट्टा लोंबतोय. अठराव्या सेकंदाला मागून आवाज येतो, “आई, तुझं ‘टक्’ राहिलं.” एकविसाव्यापर्यंत फक्त आईचा चेहरा. मग तिचं बक्कल, आणि त्यानंतरच स्कूटर सुरू.

संवाद एवढाच, आणि तोही मागून. बोलणारीचे ओठ दिसत नाहीत, म्हणून हीच फिल्म कोकणीत किंवा हिंदीत नेताना फक्त आवाज बदलावा लागतो.

अपघात का दाखवला नाही, असं बैठकीत कुणीतरी विचारतंच. रक्त दिसलं की बरेचजण नजर वळवतात, आणि ‘आपण काही असे चालवत नाही’ म्हणून मोकळे होतात. लोंबणारा पट्टा मात्र कुणालाही ओळखीचा वाटतो.

फसगत होते ती वेळेची. मनातल्या मनात वाचलं की पटकथा वीस सेकंदांत संपते. खरं दप्तर, खरं हेल्मेट घेऊन करून पाहिली की घड्याळ अडतीस दाखवतं. मग कापायचं. दार उघडणं गेलं, डबा भरणं गेलं.

शेवटच्या पाटीवर चारच शब्द: ‘हेल्मेट घाला. पट्टा लावा.’ इथे दंडाची रक्कम, कलम आणि साहेबांचा फोटो घालायचा आग्रह होतो. चार सेकंदांत हे वाचणार कोण?

तयार फिल्म आधी आवाज बंद करून दोन-चार अनोळखी माणसांना दाखवावी. “आई मुलीला शाळेत सोडतेय” असं उत्तर आलं, तर लोंबणारा पट्टा अजून जवळून दाखवायला हवा.