क्लास नाही, तर दहावीत नव्वद टक्के नाहीत?

नववीचा निकाल लागायच्या आतच पालकांना प्रश्न सुरू होतो, “अजून क्लास लावला नाही?” क्लासशिवाय दहावीत नव्वद टक्के मिळतच नाहीत, हा समज इतका पक्का झालाय की कर्ज काढून फी भरणारी घरं दिसतात. याचा मला मनापासून राग येतो.

पुरावा म्हणून चौकातला फलक दाखवला जातो. त्यावर नव्वदीपुढच्या मुलांचे फोटो असतात. त्या तुकडीत एकूण किती मुलं होती आणि फोटोतल्या मुलांना नववीत किती गुण होते, हे मात्र फलक सांगत नाही. हुशार मूल क्लासला गेलं म्हणून श्रेय क्लासचं ठरत नाही.

आता वेळ मोजा. रोज दोन तास क्लास आणि जाण्यायेण्याचा एक तास धरला, तर सहा दिवसांत अठरा तास जातात. त्यातला बहुतेक वेळ मूल ऐकतं, फळ्यावरचं उतरवून घेतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं. हे आठवून लिहिणं मुलाने स्वतःच करावं लागतं, मग क्लास असो वा नसो.

भूमितीचंच घ्या. पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. ‘समरूपता’ हा धडा वाचून सरावसंच आणि शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह पुस्तक मिटून सोडवायचा. रविवारी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका लिहायची आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहायचं. आकडेमोड चुकली, सिद्धतेतल्या पायरीचं कारण लिहायचं राहिलं, की मुळात कळलंच नाही? पहिल्या दोन चुका सरावाने जातात. तिसरी चूक त्याच धड्यात पुन्हा पुन्हा येत असेल आणि शाळेतल्या शिक्षकांना विचारूनही सुटत नसेल, तर शिकवणी जरूर लावा, पण त्या एका विषयाची. घरी कुणी लक्ष ठेवणारं नसेल आणि मूल स्वतःहून बसतच नसेल, तर क्लासची शिस्त उपयोगी पडते, हेही मान्य.

“सगळेच क्लास लावतात.” नाही, केंद्र सरकारच्या 2025 च्या शिक्षण सर्वेक्षणात देशातले सुमारे 27 टक्के विद्यार्थीच खाजगी शिकवणी घेत होते.

“आमचा मुलगा ऐकूनच शिकतो, त्याला क्लासच हवा.” ऐकून शिकणारे, बघून शिकणारे अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं.

“क्लासच्या नोट्सशिवाय भागत नाही.” बालभारतीची पुस्तकं तिच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि बोर्डाचा पेपर त्यांवरच निघतो.

“भरलेली फी परत मिळत नाही.” केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत द्यायला हवी. तेव्हा फी भरताना पावती आणि परताव्याची अट लेखी मागून घ्या. वर्षाची फी एकरकमी भरू नका.