गरम टायरमधली हवा सोडू नका

गेल्या मे महिन्यात आम्ही नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघालो. निघण्याआधी पहाटे घराजवळच्या पंपावर चारही चाकांत 33 पीएसआय हवा भरून घेतली होती. दुपारी वाटेत डिझेलसाठी थांबलो, तेव्हा पंपावरच्या मुलाने आपणहून गेज लावला आणि म्हणाला, "साहेब, 38 झालीय. एवढ्या उन्हात टायर फुटेल. पाच कमी करतो." मी हो म्हटलं. चारही व्हॉल्व्हमधून फुस्स करत हवा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला मी माझा गेज लावला, तर चारही चाकांत 28!

त्या मुलाचा गेज बिघडलेला नव्हता आणि माझाही नव्हता. टायर बंद भांड्यासारखा असतो. आतली हवा तापली की तिला पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 14 पीएसआय धरला, तर पहाटेचा खरा दाब 33 अधिक 14, म्हणजे 47. आता तापमान. हा हिशेब शून्य अंशापासून नाही, उणे 273 पासून मोजावा लागतो. पहाटे 30 अंश होते, म्हणजे 303. दुपारी टायरमधली हवा 65 अंशांवर गेली असं धरू, म्हणजे 338. त्याच प्रमाणात 47 चे होतात 52 च्या थोडे वर. त्यातून 14 वजा केले की गेजवर 38 दिसतात. हवा एक कणही वाढलेली नव्हती. ढोबळ मानाने दर सहा अंशांमागे एक पीएसआय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आपण जी हवा सोडली, ती मात्र खरोखर कमी झाली. टायर रात्री निवला आणि आकडा 28 वर आला.

ही उष्णता फक्त उन्हाची किंवा तापलेल्या काँक्रीटची नसते. गाडीच्या भाराने टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला कारच्या चाकाचे सेकंदाला सुमारे 14 फेरे होतात, म्हणजे रबर तेवढ्या वेळा दबतं आणि सुटतं. दाबताना घातलेली सगळी शक्ती रबर परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन टायरमध्येच राहते. हवा कमी असेल तर टायरची बाजू जास्त वाकते आणि टायर जास्त तापतो. टायर फुटण्याची त्या मुलाची भीती खरी होती, पण उपाय उलटा होता. कमी हवेचा टायर भरधाव वेगात तापत गेला, की आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि तो फुटतो. "उन्हाळ्यात दोन-चार कमीच ठेवा" हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो, तो थंड टायरचा असतो. चालताना दाब वाढणार, हे तो ठरवतानाच धरलेलं असतं. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल दाबाचा आकडा वेगळा, तो भरायचा नसतो. नायट्रोजन भरला तरी यातून सुटका नाही, कारण तोही तापला की जवळपास तेवढाच वाढतो.

थंड टायर म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेल्या गाडीचा टायर. उभ्या गाडीच्याही एका बाजूला ऊन असेल, तर त्या बाजूचे आकडे चढे येतात. म्हणून सकाळची वेळ बरी.

पंप लांब असेल तर काय करायचं? एक साधा गेज घरी ठेवावा. समजा सकाळी घरी एका चाकात 29 भरली आणि हवी आहे 33, तर त्या चाकात चार कमी आहे. पंपावर पोचेपर्यंत ते चाक तापून 31 दाखवेल. तिथे 33 वर थांबायचं नाही, 31 मध्ये चार मिळवून 35 करायची. दुसऱ्या सकाळी गेजवर 33 च्या आसपास आकडा दिसेल.

प्रवासात मध्येच गेज लावलाच, तर चारही आकडे एकमेकांशी ताडून पाहा. तीन चाकं 38 आणि एक 32 दाखवत असेल, तर त्या चौथ्या चाकात हळूहळू गळणारं पंक्चर असण्याची शक्यता मोठी आहे. गरम टायर स्टिकरच्या आकड्याइतकाच किंवा त्याहून कमी दाखवत असेल, तर त्यात हवा नक्की कमी आहे. तिथेच भरून घ्या आणि सकाळी गाडी हलवण्याआधी पुन्हा मोजा.