सरकती दांडी आणि विजेची दिशा

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक आकृती हमखास भेटते. टेबलावर धातूचे दोन समांतर रूळ, डाव्या टोकाला ते एका रोधाने जोडलेले, आणि रुळांवर आडवी टाकलेली धातूची दांडी. या सगळ्या मांडणीतून वरून खाली जाणारे चुंबकीय क्षेत्र आहे. दांडी उजवीकडे ढकलली की रोधातून वीज वाहू लागते, आणि बॅटरी तर कुठेच नाही. व्होल्ट किती, हे विद्यार्थी सूत्रात आकडे घालून पटकन काढतात. वीज कोणत्या बाजूने वाहते, असे विचारले की मात्र अंदाज सुरू होतात. अंदाज करायची गरज नसते. दांडीच्या आत काय घडते ते पाहिले की दिशा आपोआप समजते.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. दांडी सरकते तेव्हा तेही तिच्याबरोबर उजवीकडे निघतात. चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या प्रभारावर बल लागते, आणि ते गती व क्षेत्र या दोहोंना काटकोनात असते. गती उजवीकडे आणि क्षेत्र खाली असेल, तर उरते दांडीची लांबी. टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या जवळच्या टोकाकडे इलेक्ट्रॉन ढकलले जातात. ते टोक ऋण होते, दूरचे टोक धन. प्रभारांची ही फारकत वाढत जाते, तसे त्यांचे आपसातले विद्युत बल चुंबकीय बलाला तोलू लागते. दोन्ही बले समसमान झाली की दोन टोकांमध्ये जो विद्युत दाब तयार झालेला असतो, तेच प्रवर्तित विद्युतगामक बल:

ε = Blv

इथे B म्हणजे चुंबकीय क्षेत्र, v म्हणजे दांडीचा वेग आणि l म्हणजे दोन रुळांमधले अंतर. दांडी रुळांबाहेर कितीही लांब असली तरी परिपथाच्या हिशेबात तो बाहेरचा भाग येत नाही.

आकडे घालून पाहू. रुळांमध्ये अर्धा मीटर अंतर, क्षेत्र ०.४ टेस्ला, वेग सेकंदाला ३ मीटर. तिघांचा गुणाकार ०.६ व्होल्ट. परिपथाचा एकूण रोध ०.२ ओहम धरला तर विद्युतधारा ३ अँपिअर. दांडीचे दूरचे टोक धन आहे, म्हणून धारा त्या टोकातून बाहेर पडते, दूरच्या रुळावरून डावीकडे जाते, रोधातून जवळच्या रुळावर उतरते आणि परत दांडीत शिरते. वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

नेमका इथेच अनेकांचा घोटाळा होतो. धारा धनाकडून ऋणाकडे वाहते हे पाठ असल्यामुळे ते दांडीच्या आतही बाण तसाच काढतात. पण या परिपथात दांडी हीच बॅटरी आहे, आणि बॅटरीच्या पोटात धारा ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाते. दुसरी चूक हाताची. फ्लेमिंगचा डावा हात मोटरसाठी, उजवा जनित्रासाठी. इथे उजवा हात सरळ खाली सोडावा, तळवा समोर ठेवावा. अंगठा उजवीकडे, म्हणजे गतीच्या दिशेने. तर्जनी खाली, म्हणजे क्षेत्राच्या दिशेने. मग मधले बोट समोर वळवले की ते दांडीतल्या धारेची दिशा दाखवते, जवळून दूर.

उत्तर बरोबर आहे का, हे ताडायला बलाचा हिशेब सर्वांत भरवशाचा. धारा वाहू लागली की त्याच चुंबकीय क्षेत्रामुळे दांडीवर दुसरे एक बल येते. आपल्या उदाहरणात ते ०.४ × ३ × ०.५ म्हणजे ०.६ न्यूटन, आणि त्याची दिशा डावीकडे. घर्षण सोडले तरी दांडी त्याच वेगाने चालू ठेवायला हाताला तेवढाच जोर लावावा लागतो. हात दर सेकंदाला ०.६ × ३ म्हणजे १.८ जूल कार्य करतो. रोधात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ९ × ०.२, तीही १.८ जूल. धारेचा बाण उलटा काढला असता तर बलही उलटे, उजवीकडे आले असते. दांडी आपली आपणच वेग घेत सुटली असती आणि वर उष्णताही फुकट मिळाली असती. ते अशक्य आहे. लेन्झने १८३४ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो: प्रवर्तित धारा आपल्या कारणाला विरोध करते. परिपथ मध्येच तोडला तर टोकांमधले ०.६ व्होल्ट तसेच राहतात, पण धारा थांबते आणि हाताला जाणवणारा विरोधही नाहीसा होतो.

हीच मांडणी रेल्वेमार्गावर मोठ्या आकारात दिसते. दोन रूळ, त्यांना जोडणारा चाकांचा आस आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १.६७६ मीटर. मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा, खाली जाणारा भाग सुमारे २० मायक्रोटेस्ला असतो. आडवा भाग दोन चाकांमध्ये दाब निर्माण करत नाही, कारण गाडीची गतीही आडवीच असते. ताशी १०० किलोमीटर वेगाला गुणाकार जेमतेम एक मिलिव्होल्ट भरतो. यातली विशेष सुंदर गोष्ट दिशेची आहे: गाडी मुंबईहून पुण्याला जावो की पुण्याहून मुंबईला, तोंड करून जायच्या दिशेला पाहिले तर आसाचे डावे टोकच धन. गाडी उलट फिरली की डावी बाजूही फिरते.

गाडीतल्या प्रवाशाने मात्र आसाच्या दोन टोकांना तारा लावून मीटर पाहिला तर हा दाब दिसणार नाही. त्याच्या ताराही गाडीबरोबर त्याच क्षेत्रातून धावत असतात आणि त्यांच्यातही तेवढाच दाब तयार होतो. वेटोळ्यात दोन्ही एकमेकांना खोडतात. परिपथाचा काही भाग स्थिर हवा, जसे टेबलावरचे रूळ आणि रोध.

मायकेल फॅरेडेला हे पक्के ठाऊक होते. १८३१ मध्ये प्रवर्तनाचा शोध लावल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८३२ मध्ये, त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावर तांब्याची लांब तार ताणली आणि तिच्या टोकांच्या पट्ट्या थेम्सच्या पाण्यात सोडल्या. सरकती दांडी म्हणजे वाहते पाणी, स्थिर भाग म्हणजे पुलावरची तार. सुई हलली, पण भरवशाने नाही. पाण्यात बुडालेल्या धातूच्या पट्ट्यांवर रासायनिक क्रियेने स्वतःचा दाब तयार होतो, आणि अशा भलत्या दाबांतून नदीच्या प्रवाहाचा इवलासा दाब त्याला वेगळा काढता आला नाही.

पाण्याच्या नळांवर बसवले जाणारे विद्युतचुंबकीय प्रवाहमापक आज हेच मोजमाप करतात. नळाभोवतीच्या वेटोळ्यांतून चुंबकीय क्षेत्र नळाला आडवे पाठवतात आणि समोरासमोरच्या दोन इलेक्ट्रोडमधला दाब मोजतात. नळाचा व्यास ०.३ मीटर, क्षेत्र ५ मिलिटेस्ला आणि पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर दाब ३ मिलिव्होल्ट. फॅरेडेला ज्या रासायनिक दाबाने छळले तो इथेही असतोच. म्हणून मापक वेटोळ्यांतली धारा सतत उलटसुलट करतो. क्षेत्राची दिशा फिरली की प्रवर्तित दाबाचे चिन्ह बदलते, इलेक्ट्रोडवरचा रासायनिक दाब मात्र होता तसाच राहतो. दोन वाचनांची वजाबाकी केली की रासायनिक दाब गळून पडतो, आणि जो उरतो त्याच्या निम्म्यावरून पाण्याचा वेग काढता येतो.