पाच ओळींत पुस्तकाची झडती

जागतिकीकरण आणि कामगार या विषयावर प्रबंध लिहायला घेतला की मार्गदर्शक पहिलं काम सांगतात ते बहुधा सटीप संदर्भसूचीचं. साध्या सूचीत लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि साल एवढंच असतं. सटीप सूचीत प्रत्येक नोंदीखाली शंभर-दीडशे शब्दांची टीप येते: यात काय म्हटलं आहे, कशाच्या आधारावर म्हटलं आहे आणि त्यावर किती विसंबावं. पहिला भाग सगळ्यांना जमतो, मलपृष्ठावरचा मजकूर त्यासाठी तयारच असतो. घोडं अडतं ते शेवटच्या भागाशी. तिथे ‘अतिशय उपयुक्त व माहितीपूर्ण ग्रंथ’ असं लिहून विद्यार्थी पुढच्या पुस्तकाकडे वळतो. हे वाक्य पाककृतींच्या पुस्तकालाही शोभेल. शीर्षक झाकून टीप वाचावी आणि पुस्तक ओळखता येतं का ते पाहावं. ओळखता आलं नाही, तर टीप अजून लिहून झालेली नाही.

मूल्यमापन म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका गाजलेल्या निबंधावरून चांगलं कळतं. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांचा हा निबंध २००४ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. भारतातल्या कामगार कायद्यांवरच्या चर्चेत त्याचा हवाला सतत दिला जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात राज्यांनी वेळोवेळी दुरुस्त्या केल्या. त्यातली प्रत्येक दुरुस्ती कामगारांच्या बाजूची असेल तर अधिक एक, मालकांच्या बाजूची असेल तर उणे एक आणि कोणाच्याच बाजूची नसेल तर शून्य, असे गुण लेखकांनी दिले. मग १९५८ ते १९९२ या काळातले राज्यांचे गुण आणि त्यांची औद्योगिक कामगिरी शेजारी ठेवली. निष्कर्ष असा, की कामगारांच्या बाजूने झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत कारखान्यांचं उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे पडले, आणि शहरी गरिबीही वाढली.

इथवर सारांश झाला. तीन-चार वाक्यांत तो मावतो आणि त्यात आपलं मत कुठेही डोकावू नये. आता गोषवारा बाजूला ठेवायचा आणि गुणांचा तक्ता उघडायचा. तक्त्यानुसार कामगारांच्या बाजूची राज्यं चार: पश्चिम बंगाल, ओडिशा, महाराष्ट्र आणि गुजरात. केरळ मात्र मालकांच्या बाजूच्या राज्यांत. ज्याला भारतातल्या कामगार चळवळीची थोडीफार माहिती आहे, तो इथे थबकेल. गुजरात कामगारधार्जिणं आणि केरळ मालकधार्जिणं, हे कसं?

हा प्रश्न दिल्लीतले अर्थशास्त्रज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात तपासला. गुजरातचा शिक्का १९७३ च्या एकाच दुरुस्तीवर उभा होता. संयुक्त व्यवस्थापन मंडळावर मालकाने आपले प्रतिनिधी नेमले नाहीत, तर त्याला दिवसाला पन्नास रुपये दंड करण्याची ती तरतूद होती. पन्नास रुपयांच्या दंडाने एखाद्या राज्याची गुंतवणूक आटेल, असं कोणी म्हणणार नाही. पण गुणपत्रिकेत क्षुल्लक दंडालाही एक गुण आणि कारखाना बंद करण्यावरच्या निर्बंधालाही एकच. शिवाय हे सगळे गुण कायद्याच्या मजकुराचे. न्यायालयांनी त्याचा अर्थ कसा लावला, कारखाना निरीक्षक प्रत्यक्ष फिरकले का, हे त्यात येत नाही.

ही गुणपत्रिका एका निबंधापुरती राहिली नाही, म्हणून ती एवढी महत्त्वाची. फिलिप आघियाँ, बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये परवानाराज मोडल्याचा फायदा कोणत्या राज्यांना जास्त झाला हे तपासताना तीच वर्गवारी वापरली. उदारीकरणानंतर कोणाचं भलं झालं, या वादात ती अशी पुढे सरकत आली. म्हणून सूचीत बेस्ली-बर्जेसखाली ‘पाहा: भट्टाचार्जी’ आणि आघियाँखाली ‘वर्गवारी बेस्ली-बर्जेस यांची’ असं लिहायलाच हवं. वर्णानुक्रमात या नोंदी एकमेकींपासून लांब पडतात, वाचकाला त्यांचं नातं आपोआप दिसत नाही.

माझी टीप साधारण अशी होईल: ‘राज्यांच्या कायदेदुरुस्त्यांना गुण देऊन कामगार कायदे आणि औद्योगिक वाढ यांचा संबंध जोडणारा, या वादाला दिशा देणारा निबंध. पद्धत पारदर्शक आहे, म्हणूनच तिच्यातल्या त्रुटी शोधता येतात. दुरुस्त्यांचं वजन पाहिलेलं नाही, गुजरातचं वर्गीकरण पटत नाही, कायद्याच्या अंमलबजावणीचा विचार नाही. गुंतवणूक आणि रोजगाराचे आकडे फक्त नोंदणीकृत कारखान्यांचे. वादाची सुरुवात म्हणून वाचावा, निर्णायक पुरावा म्हणून उद्धृत करू नये.’ यातलं ‘म्हणूनच’ जपून वापरलं आहे. चूक सापडली की स्रोत टाकाऊ, असं मानणारे नवशिके बरेच. ज्यांनी आपला तक्ता छापला त्यांचीच चूक सापडली, हेही टिपेत उतरायला हवं.

निबंधाच्या काळात नोंदणीकृत कारखाना म्हणजे ढोबळमानाने वीज वापरून दहा किंवा विजेशिवाय वीस कामगारांचा होता. देशातले बहुसंख्य श्रमिक त्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी सूचीत वेगळ्या जातीचं पुस्तक लागतं, उदाहरणार्थ डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांचं १९९६ चं ‘फुटलूज लेबर’. १९६२ पासून ते दक्षिण गुजरातच्या गावांत जात राहिले. खानदेशातून बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांवरही त्यांनी लिहिलं आहे. इथे मूल्यमापनाचे प्रश्न बदलतात. नमुना किती मोठा, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. लेखक तिथे किती काळ राहिला, कोणामार्फत मजुरांपर्यंत पोचला, मुकादमासमोर बोलला की त्याच्या माघारी, आणि एका प्रदेशावरून देशाबद्दल किती बोलतो, हे विचारावं. एकच मापपट्टी दोन्ही पुस्तकांना लावणारी सूची मला तरी निरुपयोगी वाटते.

मराठी विद्यार्थ्याच्या सूचीत गिरणगाव येतंच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं २००४ चं गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक त्यात असायलाच हवं. पण ते ‘जागतिकीकरणाचे बळी’ या मथळ्याखाली टाकण्याची घाई नडते. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला, म्हणजे १९९१ च्या धोरणाच्या नऊ वर्षं आधी. गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मात्र १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोकळी केली. तेव्हा हे पुस्तक जागतिकीकरणाच्या कोणत्या भागाबद्दल पुरावा देतं आणि कोणत्या भागाबद्दल देत नाही, हे टिपेत एका ओळीत सांगावं. शिवाय आठवणी संपानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आहेत. त्या काळाबद्दल जितकं बोलतात तितकंच नंतरच्या पराभवाबद्दलही बोलतात. हा दोष नव्हे, पण तारखा दुसरीकडून ताडून घ्याव्यात.

टीप लिहिल्यावर खाली तारीख घाला. २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली आणि १९४७ च्या कायद्याची जागा तिला दिली. बेस्ली-बर्जेस यांनी ज्या कायद्याला गुण दिले, त्याबद्दल ‘सध्याचा कायदा’ असे शब्द तुमच्या जुन्या टिपेत असतील, तर आज ते बदलून घ्या.