पक्के किती, अंदाजे किती

सकाळी ८

गिरणी सुरू व्हायच्या आधी मी गोदामात जातो. आज पंधरवड्याचा शनिवार आहे. नागपूरच्या बॅगवाल्याला पुढच्या बारा आठवड्यांची मागणी पाठवायची आहे आणि त्याची सुरुवात संगणकावर नाही, गोदामातल्या गाठींवर होते. रिकाम्या छापील बॅगा पाचशेच्या गाठीत येतात. पूर्ण गाठी मोजायच्या, मग फोडलेल्या गाठीतल्या सुट्या बॅगा. रजिस्टरमध्ये एचएमटीच्या २६ किलोच्या २,१०० लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात १,९०० निघतात. बाकीच्या शिलाईत फाटलेल्या, नाहीतर कोणीतरी कणी भरायला नेलेल्या. मी १,९०० धरतो. रजिस्टर नंतर जुळवता येतं, पण चुकीच्या शिलकीवर मागणी काढली तर जानेवारीत तांदूळ तयार असेल आणि भरायला बॅग नसेल.

२६ किलोच का, हे बाहेरचे लोक विचारतात. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आला आणि बऱ्याच गिरण्यांनी कट्टा एका किलोने वाढवला. कायद्यातल्या एका ओळीमुळे सगळ्या बॅगांची लांबी आणि छपाई बदलली. त्या वेळी ज्यांच्याकडे २५ किलोच्या छापील बॅगांचा साठा पडून होता त्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. छापलेली बॅग दुसऱ्या कोणाच्या कामाची नसते.

सकाळी ९.३०

धानाच्या गाड्या लागतात. ओल मोजायचं यंत्र माझ्या टेबलाशेजारीच आहे, कारण माझा निम्मा अंदाज त्यावर ठरतो. भरडाईला धान १४ टक्क्यांच्या आसपास हवं. आज पहिल्या दोन गाड्या १७ च्या वर आहेत. म्हणजे आधी वाळवण, मग भरडाई, आणि तांदूळ बाहेर पडायला आठवडाभर उशीर. शेतकऱ्याला भाव सांगायचं काम दिवाणजींचं. मी फक्त वहीत लिहून ठेवतो : पहिल्या आठवड्यातला माल दुसऱ्यात सरकणार.

एचएमटी इथलाच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात निवड करत करत हे वाण काढलं आणि त्या काळच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. आमच्या गिरणीत तोच जास्त चालतो, त्याखालोखाल जय श्रीराम. दोघांची बॅग एकाच मापाची, एकाच पन्ह्याच्या कापडाची. फरक फक्त छपाईचा. आजचा सगळा कागद या एका गोष्टीवर उभा आहे.

सकाळी ११

आता व्यापाऱ्यांचे फोन. चंद्रपूर, वणी, नागपूर, अमरावती. इथे कान तयार लागतो. "भाऊ, पाचशे कट्टे आपल्यासाठी ठेवजा" ही ऑर्डर नाही. हाच व्यापारी सिंदेवाहीच्या गिरणीलाही हेच सांगून मोकळा होतो आणि ज्याचा भाव उतरेल त्याचा माल उचलतो. ज्याची उचल-तारीख ठरली आणि निम्मी तरी रक्कम आली, ती माझ्या लेखी पक्की. बाकी सगळं अंदाजाच्या रकान्यात. मालकांना हे कडक वाटतं. पण पक्क्याच्या रकान्यात एकदा शब्दावरचा माल शिरला की तो रकाना पक्का राहत नाही.

पहिल्या चार आठवड्यांची पक्की विक्री निघते : एचएमटी ६,२०० कट्टे, जय श्रीराम २,४००.

दुपारी १२.३०

हिशोब साधा आहे, पण एक पायरी गाळली की फसतो. एचएमटीच्या ६,२०० मध्ये गोदामात कायम ठेवायच्या ८०० मिळवल्या, ७,००० झाल्या. त्यातून हातातल्या १,९०० वजा. शिवाय मागच्या ऑर्डरमधल्या १,५०० बॅगा बॅगवाल्याकडून यायच्या बाकी आहेत, त्याही वजा. राहिल्या ३,६००. गाठ पाचशेची, म्हणून ४,०००.

त्या १,५०० मी कागदावर वेगळ्या ओळीत, जुन्या ऑर्डरच्या नंबरासह लिहितो. त्या नव्या आकड्यात मिसळल्या तर बॅगवाला ५,५०० नव्या समजून करायला घेतो आणि जुन्या १,५०० ही पाठवतो. एकच माल दोनदा येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

जय श्रीरामच्या २,४०० आणि ठेवणीच्या ३०० धरून २,७०० लागतात, गोदामात नेमक्या तेवढ्याच आहेत. पक्की मागणी शून्य. मी रकाना कोरा ठेवत नाही, ० लिहितो. कोऱ्या रकान्याला बॅगवाला 'लिहायचं राहिलं' म्हणतो आणि मागच्या वेळचा आकडा धरून चालतो.

दुपारी २

जेवण झाल्यावर अंदाजाचे रकाने. यात माझी खरी परीक्षा असते.

बॅगवाल्याचं काम मी एकदा त्याच्या कारखान्यात जाऊन पाहिलं तेव्हापासून माझा कागद बदलला. प्लास्टिकच्या दाण्यापासून पट्टी निघते, पट्टीपासून गोल लूमवर नळीसारखं कापड विणलं जातं, वेगळ्या फिल्मवर सिलिंडरने छपाई होते, फिल्म कापडाला चिकटते आणि मग कापणी, शिलाई. दाणा आणि कापड आधी लागतं, छपाई मागून. साधं कापड माझं काम फिरलं तर त्याला दुसऱ्या गिरणीसाठी वापरता येतं. छापलेली फिल्म मात्र भंगार. म्हणजे त्याला दोन महिने आधी एवढंच कळायला हवं की एका पन्ह्याचं कापड किती लागेल. त्यातल्या किती बॅगांवर एचएमटी आणि किती बॅगांवर जय श्रीराम, हे नंतर सांगितलं तरी चालतं.

म्हणून माझ्या कागदावर तीन पट्टे आहेत. पहिले चार आठवडे पक्के : छापाप्रमाणे, तारखेप्रमाणे, आणि नाही उचललं तरी पैसे आमचे. पाचवा ते आठवा आठवडा अर्धा-कच्चा : दोन्ही छाप मिळून ९,००० बॅगा, त्यातल्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६,००० बॅगांच्या कापडाची जबाबदारी आमची, छपाईची नाही. एचएमटी ६,००० आणि जय श्रीराम ३,००० अशी फोड बाजूला लिहितो, पण ती फक्त माहितीसाठी. नववा ते बारावा आठवडा निव्वळ अंदाज, जबाबदारी कशाचीच नाही. लूम कुठल्या महिन्यात भरतील एवढं त्याला दिसावं म्हणून.

शेवटच्या पट्ट्यात मी एक आकडा देत नाही, दोन देतो. फेब्रुवारीपासून विदर्भातली घरं वर्षाचा तांदूळ भरायला लागतात, म्हणून विक्रीवाल्यांनी मला १४,००० सांगितले होते. पण आमची गिरणी तासाला दोन टन धान घेते. दहा तासांत वीस टन, त्यातून विकाऊ तांदूळ साधारण बारा टन, म्हणजे दिवसाला ४६० कट्टे. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ११,००० च्या आसपास. त्याहून जास्त बॅगा मागवून भरायचं काय? वरचा आकडा ११,०००.

खालचा आकडा सरकारी भरडाई ठरवते. मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या धानाची भरडाई मिळाली की गिरणीचे काही आठवडे तिकडे जातात. तो तांदूळ ज्यूटच्या बारदान्यात जमा होतो, आमच्या छापील बॅगेत नाही. भरडाई कधी हाती पडेल ते आज कोणी सांगू शकत नाही. खालचा आकडा ८,०००, आणि शेजारी कारण लिहिलेलं. कारण नसलेल्या आकड्याला बॅगवाला स्वतःच्या मनाने कात्री लावतो.

दुपारी ३.३०

मालक कागद बघतात. "जानेवारीचे थोडे वाढवून लिहा ना, लूम राखून ठेवेल तो."

हा मोह प्रत्येक गिरणीत आहे. एकदा वाढवून लिहिलं की कापड पडून राहतं. बॅगवाला पुढच्या वेळी आमचा आकडा कापून वाचतो, मग आम्ही आणखी फुगवतो, आणि दोघांपैकी कोणालाच खरी मागणी ठाऊक नसते. चाकणच्या मोटार कारखान्यांना माल देणारे लघुउद्योजक असं महिन्याचं शेड्यूल वर्षानुवर्षं घेतात, चालू महिना पक्का आणि पुढचे महिने तात्पुरते. तिथेही फुगवलेल्या शेड्यूलची तक्रार जुनीच आहे.

वाढवायच्या ऐवजी मी कागदाच्या तळाशी एक ओळ जोडतो : आठ आठवड्यांपूर्वी या महिन्यासाठी एचएमटीचा अंदाज किती दिला होता आणि आज पक्की विक्री किती निघाली. तेव्हा ७,५०० म्हटलं होतं, निघाले ६,२००. कारण ओल आणि लांबलेली कापणी. ही ओळ दर पंधरवड्याला जाते. आमचा अंदाज नेहमी एकाच बाजूला झुकतो का, हे बॅगवाल्याला आमच्याइतकंच दिसावं.

संध्याकाळी ४.३०

फाइल जाते. नावात तारीख आणि आवृत्ती दोन्ही असतात, आणि वर पहिलीच ओळ : यापूर्वीचा कागद रद्द. ती नसली की कारखान्यात दोन कागद फिरतात आणि सुपरवायझर हाताला लागेल तो घेतो.

पंधरा मिनिटांत फोन.

"भाऊ, पक्के चारच हजार? पाच हजाराखाली छपाईला सिलिंडर चढवत नाही, माहीत आहे ना तुम्हाला."

"फिल्म पाच हजाराची छापा. बॅगा चार हजारच करा. उरलेल्या हजाराच्या फिल्मची जबाबदारी आमची, कागदावर लिहून देतो. पुढच्या पट्ट्यात एचएमटीचे सहा हजार आहेतच."

"आणि ते नऊ हजार घेऊन टाकू का ऑर्डरमध्ये? दाणा महाग व्हायच्या गोष्टी चालू आहेत."

"सहा हजारांचं कापड विणा. छापू नका."

दाण्याचा भाव चढायला लागला की हा फोन येतोच, आणि अंदाजाचं पक्क्यात रूपांतर बहुधा अशा फोनवरच होतं, कागदावर नाही. म्हणून फोन ठेवल्यावर मी बोललेलं सगळं लगेच लिहून त्याला पाठवतो : ४,००० बॅगा, ५,००० ची फिल्म, ६,००० चं साधं कापड.

संध्याकाळी ६.३०

त्याचं उत्तर आलं. २,००० बॅगा पुढच्या शनिवारी, २,००० त्याच्या पुढच्या शनिवारी, आणि जुन्या १,५०० मंगळवारच्या गाडीने उमरेड-भिवापूरवरून. कापडाला होकार. शेवटच्या पट्ट्याबद्दल एक शब्द नाही, आणि तो यायलाही नको.

दोन आठवड्यांनी सगळे पट्टे दोन आठवड्यांनी पुढे सरकतील. आजचा पाचवा-सहावा आठवडा पक्क्यात येईल आणि तेव्हा त्या साध्या कापडावर एचएमटी किती आणि जय श्रीराम किती, हे मला सांगावंच लागेल.