दुसरा गाळा की कुरिअरचा डबा?

मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत स्टेशनरीच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. शाळांच्या याद्या, वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हरांचे रोल, आणि काउंटरवर कोपर टेकून घाई करणारे पालक. वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा या काही आठवड्यांत येतो. नेमक्या याच गर्दीत मालकाला वाटू लागते, की पलीकडच्या नव्या वस्तीत आणखी एक गाळा घ्यावा. मुलगा किंवा सून म्हणते, गाळा कशाला, ऑनलाइन विकू. जूनच्या गल्ल्याकडे बघून हे ठरवले तर फसगत होते, कारण भाडे बाराही महिने भरायचे असते.

पुण्याच्या उपनगरातला एक काल्पनिक गाळा घेऊन आकडे मांडू. भाडे ३० हजार, दोन मुलांचे पगार २८ हजार, वीज, इंटरनेट आणि किरकोळ धरून ७ हजार. म्हणजे महिन्याला ६५ हजार. वह्यांवर कमी, पेन आणि भेटवस्तूंवर जास्त, असा सरासरी २२ टक्के नफा सुटतो असे धरले, तर नुसता खर्च निघायला महिन्याला सुमारे २ लाख ९५ हजारांची विक्री हवी. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडे असेल आणि सरासरी बिल १२० रुपयांचे असेल, तर रोज ९५ गिऱ्हाइके यायला हवीत. जूनमध्ये ती येतीलच. नोव्हेंबरच्या दुपारी?

त्यात एक खाच आहे. गाळा तीन किलोमीटरवर असेल, तर तिथे येणाऱ्यांपैकी काही जण जुन्या दुकानाचेच असतात. नव्या विक्रीतला तिसरा हिस्सा असा घरातल्या घरात सरकला, तर आवश्यक विक्रीचा आकडा २ लाख ९५ हजारांवरून जवळजवळ ४ लाख ४३ हजारांवर जातो. दुसऱ्या दुकानात माल भरायचे भांडवल वेगळेच.

कराचीही एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. गिऱ्हाइकाला ते बरेच. पण नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला करमुक्त विक्रीच्या प्रमाणात भाड्यावरच्या कराची वजावट मिळत नाही. ३० हजारांच्या भाड्यावर १८ टक्क्यांनी ५,४०० रुपये कर बसला आणि निम्मी विक्री वह्या-पेन्सिलींची असली, तर २,७०० रुपये खिशातून जातात.

मग ऑनलाइन स्वस्त पडते का? ते कपाटात काय आहे यावर ठरते. सहा लाँगबुकांचा संच ३६० रुपयांना विकला आणि तो २९० ला पडला असेल, तर हातात ७० रुपये राहतात. पार्सलचे वजन दीड किलोच्या आसपास भरते. परगावचे कुरिअर आणि पॅकिंग यांतच ते सत्तर संपतात. संकेतस्थळाचे कमिशन अजून बाजूलाच आहे. चार्टपेपरचे तर त्याहून वाईट. कुरिअरवाले खरे वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. ७५ सेंटिमीटर लांब आणि १० बाय १० च्या डब्याचे घनफळ प्रचलित हिशेबाप्रमाणे ५००० ने भागले, की दीड किलो येते; आत कागद मात्र काही ग्रॅमच.

उलट फाउंटन पेन, शाई, कॅलिग्राफीच्या निबा, चांगले ब्रश हा माल हलका आणि महाग असतो, शिवाय त्याचे शौकीन गावोगाव विखुरलेले असतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ब्रायन आणि रेचेल गुले या दांपत्याने २००९ मध्ये ‘गुले पेन्स’चा व्यवसाय ऑनलाइनच सुरू केला. शाईची अख्खी बाटली घेण्याआधी रंग पाहता यावा म्हणून ते छोट्या कुप्यांतून नमुने विकतात आणि पेन कसे वापरायचे ते व्हिडिओतून समजावतात. दुकानात विक्रेता जे तोंडी सांगतो, ते त्यांनी पडद्यावर नेले. दुसऱ्या टोकाला ब्रिटनमधली ‘पेपरचेज’: शंभराहून अधिक दुकाने असलेली ही साखळी जानेवारी २०२३ मध्ये कोसळली. टेस्कोने तिचे नाव विकत घेतले, दुकाने घेतली नाहीत.

वह्याच जास्त खपणाऱ्या दुकानाने देशभर विकण्याच्या फंदात पडू नये. त्याचे ऑनलाइन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर शाळेची यादी मागवणे, संच बांधणे, पैसे यूपीआयने आधी घेणे आणि चार-पाच किलोमीटरच्या आत आपल्याच मुलाकरवी पोचवणे. यात कमिशन नाही आणि कुरिअरही नाही. प्रत्येक घरपोच बिलावर सोसायटीचे नाव आणि पिनकोड मात्र न चुकता लिहावा. हंगाम संपल्यावर ती बिले भागांनुसार लावली, की खरी मागणी कुठे आहे ते दिसते. ऑर्डरी सगळीकडे पसरलेल्या असतील तर गाळ्याचा विचार सोडावा. एकाच भागातून त्या येत राहिल्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातही थांबल्या नाहीत, तर तिथे गाळा शोधायला हरकत नाही.

शोधताना करार मार्च-एप्रिलमध्ये करावा, म्हणजे पहिलाच हंगाम पदरात पडतो. लीव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यात लॉक-इनचे कलम आधी वाचावे. ते अकरा महिन्यांचे असेल, तर दिवाळीनंतर दुकान बंद करूनही भाडे भरत राहावे लागते; तीन-चार महिन्यांवर आणता आले तर थोडे जास्त भाडे देणेही परवडते.