लांबून दिलेली ओळख

रस्त्याच्या पलीकडे ओळखीचा माणूस दिसतो. नजरानजर होते, त्याच्या भुवया क्षणभर वर जाऊन खाली येतात, ओठांवर थोडं हसू उमटतं, मान किंचित हलते आणि दोघंही आपापल्या वाटेनं पुढे जातात. यात भुवया पूर्ण वर राहण्याचा काळ असतो साधारण एक सहांश सेकंद. एवढ्यात घडलेली गोष्ट समोरच्याला बिनचूक पोचते. ती करणाऱ्याला मात्र नंतर विचारलं तर आपण भुवया उडवल्या हे त्याला आठवतही नाही.

हा काळ मोजला इरेनाउस आयब्ल-आयबेसफेल्ट या ऑस्ट्रियन संशोधकांनी. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंट्स यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं, आणि तीच निरीक्षणाची शिस्त त्यांनी माणसांना लावली. कॅमेरा रोखलेला दिसला की माणूस सावध होतो. म्हणून त्यांनी भिंगापुढे अशी योजना केली की कॅमेऱ्याचं तोंड एका दिशेला असे आणि चित्रण बाजूच्या माणसाचं होई. सामोआ, बाली, पापुआ न्यू गिनी, कालाहारीतले बुशमन, दक्षिण अमेरिकेतले यानोमामी अशा एकमेकांशी फारसा संबंध न आलेल्या लोकांची चित्रणं त्यांनी जमवली. ती संथ गतीनं पाहिल्यावर सगळीकडे एकच क्रम दिसला. आधी नजर भिडते, मग भुवया उडतात, हसू फुलतं आणि बऱ्याचदा मान डोलते.

भुवयाच का, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. काही अनपेक्षित दिसलं की डोळे विस्फारतात आणि भुवया वर जातात. ओळखीचा चेहरा दिसल्याचं सुखद आश्चर्य हळूहळू ठरलेली खूण बनलं, असं त्यांचं म्हणणं. पुढे वेगवेगळ्या अंतरावरून चेहरे ओळखण्याचे प्रयोग झाले, तेव्हा सर्वांत लांबून ओळखू येणाऱ्या भावांमध्ये आनंद आणि आश्चर्य हे दोन निघाले. भुवईचा अभिवादनात नेमके हेच दोन एकत्र येतात.

खरी मेख वेळेत आहे. त्याच भुवया तशाच वर राहिल्या की अभिवादन संपतं आणि त्या जागी आश्चर्य, शंका किंवा नापसंती येते. वर जाताना त्या मधोमध आक्रसल्या तर चेहऱ्यावर भीती दिसते. नजर न भिडता उडालेल्या भुवया समोरच्याला आपल्यासाठी वाटतच नाहीत. आणि हसू गळालं तर ते विचारणं होतं. आपल्याकडे हनुवटी जराशी वर करून भुवया उडवल्या की त्याचा अर्थ 'काय?' असा होतो. तो मित्रामित्रांत खपतो. मोठ्या माणसांसमोर उद्धटपणा ठरतो.

माणसाच्या जडणघडणीत असलेली ही गोष्ट प्रत्येक समाजानं आपल्या रीतीनं वळवून घेतली आहे. जपानमध्ये मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहून भुवया उडवणं अशोभनीय मानलं जातं, पण लहान मुलांशी खेळताना तिथले लोकही ते करतात, असं आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी नोंदवलं. सामोआत भुवया उंचावणं म्हणजे होकारही असतो. ग्रीसमध्ये मान मागे नेऊन भुवया वर केल्या की नकार. शिवाय हीच हालचाल प्रेमाराधनातही येते. अनोळखी बाईकडे पाहून भुवया उडवणाऱ्या पुरुषाचा आपल्या गावात किंवा शहरात कोणी नमस्कार समजत नाही, तो चाळाच समजला जातो, आणि ते योग्यच आहे. मुळात ही खूण 'आपली ओळख आहे' असं सांगते. ओळख नसताना ती केली की समोरच्यावर जवळीक लादली जाते.

लांबच्या अभिवादनानंतर काय होतं, हे ॲडम केंडन आणि अँड्र्यू फर्बर यांच्या १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून फार चांगलं कळतं. न्यूयॉर्कजवळ एका घराच्या अंगणात झालेल्या लहान मुलाच्या वाढदिवसाचं चित्रण त्यांनी पुन्हापुन्हा पाहिलं. पाहुणा येतो, यजमान त्याला दुरून पाहतो. लगेच काही करत नाही. त्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबतो. मग हात वर होतो किंवा मान मागे झटकून पुढे येते, हसू येतं, हाक दिली जाते. ते झालं की मान जराशी खाली झुकते आणि दोघं एकमेकांकडे चालू लागतात.

या चालण्याच्या टप्प्यात ते एकमेकांकडे बघत राहत नाहीत. नजर जमिनीकडे किंवा बाजूला जाते, कोणी केस सारखं करतं, कोणी कपडे, कोणी एक हात छातीसमोरून आडवा नेतं. दहाएक फुटांवर आल्यावर नजर पुन्हा मिळते, पुन्हा हसू येतं आणि मग हस्तांदोलन किंवा मिठी. आपल्या सोसायटीच्या लांब व्हरांड्यात समोरून शेजारी येताना हेच घडतं. पहिली ओळख दिल्यानंतर मधलं अंतर कापेपर्यंत कुठे बघावं ते कळत नाही, आणि आपण उगाच मोबाइल किंवा किल्ल्या चाचपतो. ही अवघडलेली अवस्था म्हणजे संकोची स्वभावाचा दोष नव्हे. लांबून टक लावून पाहत चालून येणं धमकीसारखं वाटतं, म्हणून नजर काढून घेणं हाही अभिवादनाचाच भाग आहे.

हाताचं काम अंतर वाढल्यावर सुरू होतं. भुवई दिसेनाशी होते तिथून उघडा पंजा दिसतो. समोरासमोरून जाणारे एसटीचे चालक एकमेकांना हात करतात, तो स्टिअरिंगवरून जेमतेम उचललेला असतो, तरी पुरतो. पण हाताला एक उणीव आहे: तो कोणासाठी हलला हे लांबून नक्की कळत नाही. भुवई मात्र भिडलेल्या नजरेबरोबरच जाते, त्यामुळे तिचा पत्ता सहसा चुकत नाही.

एकाच दिवशी तीच माणसं पुन्हापुन्हा भेटली की अभिवादन आकसत जातं, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी दाखवलं. ऑफिसात सकाळी 'नमस्कार, काय म्हणता?' होतं, दुपारी जिन्यात नुसती मान हलते, संध्याकाळी भुवई पुरते. तिसऱ्यांदाही पूर्ण नमस्कार केला तर समोरचा थबकतो, याला काही सांगायचंय का म्हणून. उलट सकाळी पहिल्याच भेटीत नुसती भुवई मिळाली, तर काही बिनसलंय का असं वाटत राहतं.

आणि कधी कधी ही देवाणघेवाण शरीरामुळेच तुटते. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. मनात आनंद असतो, पण कपाळ आणि ओठ हलत नाहीत. नजर अधू झालेल्या माणसाला समोरच्याची भुवई दिसतच नाही. दोघांनाही शेजारी म्हणतात, 'हल्ली ओळख देत नाहीत, आखडू झालेत.' वर्षानुवर्षं हसून मान हलवणाऱ्या माणसाकडून अचानक काहीच येईनासं झालं, तर राग धरण्याआधी दोन पावलं जवळ जावं आणि 'काका, मी आलोय' असं नाव सांगून बोलावं. दिसत नसेल त्याला आवाज कळतो. आणि ज्याचा चेहरा हलत नाही, त्याचं उत्तर यायला दोन क्षण जास्त लागतात, तेवढं थांबावं लागतं.